पेरणीआधी सोयाबीनचं बियाणं तपासताना: उगवण, रंग आणि जोम

मे महिन्यात आमच्या घरात सोयाबीनचे दोन लॉट असतात. एक गेल्या खरिपातला, आपल्याच रानातला, निवडून ठेवलेला. दुसरा त्याच्या आदल्या वर्षीचा, पेरून उरलेला. वाण एकच, दाणा डोळ्यांना सारखाच दिसतो, आणि गोणपाटावर उगवण घेतली तर दोन्ही लॉट ७० टक्क्यांच्या पुढे जातात. तरी मी त्यातला एकच पेरतो. दुसरा का पेरत नाही, ते उगवणीच्या एका आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात, त्या इथे क्रमाने सांगतो. मी बरीच वर्षं बीज परीक्षणाच्या प्रयोगशाळेत काम केलं आणि आता घरची शेती बघतो, त्यामुळे प्रयोगशाळेतली रीत आणि घरात जमणारी रीत या दोन्ही इथे येतील.

सोयाबीन निवडलं त्याला कारण आहे. नेहमीच्या पिकांमध्ये इतकं लवकर बिघडणारं बियाणं क्वचितच सापडेल. त्याचं टरफल पातळ असतं आणि मूळ होणारा भाग टरफलाच्या अगदी खाली, कडेला असतो. मळणीयंत्राचा वेग जास्त झाला, पोतं उंचावरून आपटलं, की मार थेट तिथेच बसतो. शिवाय दाण्यात तेल भरपूर, त्यामुळे उन्हाळ्यातल्या उष्णतेत तो आतून झपाट्याने म्हातारा होतो. २०२० च्या खरिपात बियाणं उगवलं नाही म्हणून राज्यभरातून तक्रारींचा पूर आला होता, तो सोयाबीनच्याच बाबतीत.

नमुना कसा काढायचा

चाचणी चुकते ती बहुतेक वेळा इथेच. पोत्याच्या तोंडाशी हात घालून मूठभर दाणे घेतले, तर तो नमुना फक्त वरच्या थराचा होतो. भिंतीकडच्या किंवा जमिनीलगतच्या पोत्यात ओल धरलेली असते, ती त्यात येतच नाही. म्हणून प्रत्येक पोत्यातून वरचे, मधले आणि तळाचे असे दाणे घ्या. पोकळ नळी खुपसून घेतले तर उत्तम, नाहीतर पोतं मोकळं करून घ्या. सगळे दाणे स्वच्छ कापडावर एकत्र करा, नीट मिसळा, ढिगाचे चार भाग करा आणि समोरासमोरचे दोन ठेवून बाकीचे बाजूला काढा. पुन्हा मिसळा, पुन्हा चार भाग करा. अर्धा-पाऊण किलो उरेपर्यंत हे करत राहा.

त्यातून चाचणीसाठी दाणे मोजताना हात आपोआप टपोऱ्या दाण्यांकडे जातो. तो आवरा. समोर येईल तो दाणा मोजा. फुटकी डाळ, खडे, काडीकचरा एवढंच बाजूला काढा, कारण ते तुम्ही पेरणीआधीही काढणारच आहात. आणि दोन वर्षांचे लॉट कधीही एकमेकांत मिसळू नका. मिसळले की आकडा मधलाच कुठला तरी येतो आणि कोणत्या पोत्यात काय आहे, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

किती दाणे घ्यायचे? गावाकडे १०० दाण्यांची चाचणी रूढ आहे आणि अंदाजासाठी ती चालते. पण खरी उगवण ७५ टक्के असलेल्या लॉटमधून १०० दाणे उचलले, तर निव्वळ योगायोगाने ६७ पासून ८३ पर्यंत कोणताही आकडा येऊ शकतो. प्रयोगशाळेत म्हणूनच ४०० दाणे घेतात, शंभराच्या चार गटांत. चारही गट वेगळे मोजल्याचा आणखी एक फायदा होतो: ते एकमेकांशी जुळले नाहीत, तर चाचणीतच काहीतरी चुकलंय हे कळतं. सरासरी ८० च्या आसपास असेल तर सर्वात जास्त आणि सर्वात कमी गटात १५-१६ पर्यंत फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर ती चाचणी सोडून द्या आणि नव्याने लावा.

उगवणीची चाचणी

प्रयोगशाळेत यासाठी खास जाड कागद मिळतो. घरी वर्तमानपत्राचे चार थर किंवा धुतलेलं गोणपाट चालतं. कागद पाण्यात बुडवून बाहेर काढा आणि निथळू द्या. बोटाने दाबल्यावर बोटाभोवती पाण्याचं तळं साचत असेल, तर पाणी जास्त झालं. सोयाबीनला जास्त पाणी कमी पाण्यापेक्षा वाईट, कारण हवा मिळाली नाही की दाणा गुदमरून सडतो आणि दोष बियाण्यावर येतो.

ओल्या कागदावर दहा-दहा दाण्यांच्या ओळी मांडा. दाण्यादाण्यांत दोन बोटांचं अंतर ठेवा, म्हणजे एक सडला तरी शेजारच्याला बुरशी लागणार नाही. वरून आणखी एक ओला कागद घाला, सैलसर गुंडाळी करा आणि ती प्लास्टिकच्या पिशवीत उभी ठेवा. पिशवीचं तोंड घट्ट बांधू नका. गुंडाळीवर लॉटचं नाव आणि तारीख पेन्सिलने लिहा, शाई ओलीत पसरते.

तापमान २५ अंशांच्या आसपास हवं. मराठवाड्यात आणि विदर्भात मे महिन्यात ही अडचण मोठी असते. पत्र्याच्या खोलीत ३८-४० अंशांत गुंडाळी ठेवली तर चांगलं बियाणंही बुरशीने जातं आणि आकडा खोटाच कमी येतो. आमच्याकडे गुंडाळ्या माठाच्या तिवईखाली ठेवतात. घरातली ती सगळ्यात गार आणि दमट जागा असते.

पाचव्या दिवशी पहिली मोजणी करा आणि आठव्या दिवशी शेवटची. पाचव्या दिवशीचा आकडा अवश्य लिहून ठेवा. तो पुढे लागणार आहे.

काय मोजायचं, यात नवखा माणूस हमखास चुकतो. मोड दिसला म्हणजे दाणा उगवला, असं धरून त्याचा आकडा ९० च्या पुढे जातो. तोच कागद प्रयोगशाळेत मोजला तर ७६ निघतात. उगवलेला म्हणजे शेतात ज्याचं झाड होईल असं रोप. त्याला लांब मुख्य मूळ हवं किंवा ते खुंटलं असेल तर बाजूची मुळं भक्कम हवीत. दांडा सरळ हवा, त्यात खोल चीर नको. दोन्ही डाळींचा निम्म्याहून जास्त भाग निरोगी हवा आणि मधला शेंडा शाबूत हवा. मूळ बुटकं राहून तपकिरी पडलेलं, दांडा पिळवटलेला, आडवी चीर पडून वाकलेला, अशी रोपं विकृत म्हणून वेगळी मोजा. हीच रोपं मातीत चार सेंटिमीटर खालून वर येऊ शकत नाहीत. उरलेले दाणे दाबून पहा. मऊ होऊन पिचकला, घाण वास आला, तर मेलेला. आठ दिवसांनंतरही दगडासारखा कडक राहिला, तर त्याने पाणीच घेतलेलं नाही, तो वेगळा लिहा.

विकृत रोपं नुसती टाकून देऊ नका, ती बघा. बहुतेकांचा दांडा तुटका, डाळी फुटक्या असतील तर मार मळणीचा आहे. तसा संशय आला तर दहा मिनिटांत खात्री करता येते. १०० कोरडे दाणे पाण्यात टाकून पाच-सात मिनिटं पहा. टरफल शाबूत असलेल्या दाण्यावर आधी सुरकुत्या पडतात. टरफलाला चीर असेल तर दाणा लगेच फुगून मोठा होतो. फुगलेले दाणे मोजले की मळणीत किती नुकसान झालं ते समजतं. पुढच्या वर्षी यंत्राचा वेग कमी करायचा की नाही, हे त्यावरून ठरवा.

माझ्या दोन लॉटचे आकडे असे आले. गेल्या खरिपाच्या लॉटचे चार गट: ८२, ७८, ८५, ७९. सरासरी ८१. जुन्या लॉटचे: ७४, ७०, ७७, ७१. सरासरी ७३. दोन्हींत सर्वात जास्त आणि सर्वात कमी गटातला फरक ७ होता, म्हणजे चाचणी नीट झाली. प्रमाणित सोयाबीन बियाण्यासाठी किमान उगवण ७० टक्के ठरलेली आहे. कागदावर दोन्ही लॉट पास.

७० हा आकडा एकरी ३० किलोशी बांधलेला आहे

पुढे जाण्याआधी हा हिशेब समजून घ्या, कारण निर्णय शेवटी यावरच होतो. ४५ सेंटिमीटरच्या ओळी आणि दोन झाडांत ५ सेंटिमीटर, असं धरलं तर एकरात साधारण १ लाख ७८ हजार झाडं बसतात. दाणा मध्यम, म्हणजे १०० दाण्यांचं वजन १२ ग्रॅम असेल, तर ३० किलोत अडीच लाख दाणे येतात. त्यातले ७० टक्के उगवले की पावणेदोन लाख झाडं झाली, म्हणजे रान भरलं.

म्हणूनच कृषी विभाग सांगतो की ७० च्या खाली प्रत्येक टक्क्याला एकरी अर्धा किलो बियाणं वाढवा, ६० पर्यंत म्हणजे ३५ किलोपर्यंत, आणि ६० च्या खाली ते बियाणं पेरूच नका. सल्ला योग्यच आहे, पण तो मध्यम दाण्यासाठी आहे. तुमच्या वाणाचा दाणा मोठा, १०० दाण्यांना १५ ग्रॅम भरणारा असेल, तर ३० किलोत दोनच लाख दाणे येतात. मग ७० टक्के उगवणीला १ लाख ४० हजार झाडं मिळतील आणि रान विरळ राहील. १०० दाणे सोनाराच्या किंवा किराणा दुकानातल्या बारीक काट्यावर तोलून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

आता या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: कागदावर जेवढे उगवले तेवढेच शेतात उगवतील. नव्या, जोमदार लॉटच्या बाबतीत ते जवळपास खरं ठरतं. जुन्या लॉटला ते लागू होत नाही.

टेट्राझोलियम: दाण्याच्या आत डोकावणं

उगवण चाचणीला आठ दिवस लागतात आणि ती फक्त एवढंच सांगते की इतके उगवले, इतके नाही. का नाही, ते सांगत नाही. टेट्राझोलियमची चाचणी दिवसभरात होते आणि कारणही दाखवते. जर्मनीत गेओर्ग लाकोन यांनी १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला ती बसवली आणि आज जगभरच्या बीज प्रयोगशाळा ती वापरतात.

ती कशी चालते, हे समजलं की रंग वाचणं सोपं जातं. जिवंत पेशी श्वसन करते. त्या श्वसनात काही विकरं हायड्रोजन मोकळा करतात. टेट्राझोलियमचं द्रावण रंगहीन असतं, पण त्याला हा हायड्रोजन मिळाला की त्याचं लाल रंगाच्या फॉर्माझानमध्ये रूपांतर होतं. फॉर्माझान पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे जिथे तयार झालं तिथेच बसतं. जिवंत भाग लाल, मेलेला पांढरा, आणि दोघांमधली सीमा स्पष्ट. दाण्याच्या जिवंतपणाचा तो नकाशाच होतो.

सोयाबीनसाठी रीत अशी. आदल्या संध्याकाळी दाणे ओल्या कागदात गुंडाळून ठेवा, सुमारे १६ तास, २५ अंशांवर. कोरडे दाणे सरळ द्रावणात टाकायचे नाहीत. पाणी एकदम आत घुसलं तर डाळीला भेगा पडतात आणि ती इजा चाचणीनेच केलेली असते. सकाळी दाणे काचेच्या भांड्यात घ्या आणि बुडतील इतकं द्रावण ओता. तीव्रता ०.०७५ टक्के पुरते. आधी १ ग्रॅम भुकटी १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून १ टक्क्याचं द्रावण करून ठेवावं आणि त्यातलं ७५ मिलिलिटर घेऊन पाणी घालत एक लिटर करावं. पाण्याचा पीएच ६.५ ते ७.५ च्या दरम्यान हवा, नाहीतर रंग फिका किंवा डागाळ येतो. भांडं पूर्ण अंधारात ठेवा, कारण उजेडात द्रावण आपणहून लाल होतं. ३५ ते ४० अंशांवर अडीच ते तीन तास ठेवायचं, मग द्रावण ओतून दाणे धुवायचे आणि वाचेपर्यंत पाण्यात बुडवून ठेवायचे.

हे घरगुती काम नाही, हे मी स्पष्ट सांगतो. भुकटी रसायनांच्या दुकानात मिळते पण महाग असते, हातमोजे घालून हाताळावी लागते आणि उरलेलं द्रावण कुठेही ओतून चालत नाही. कृषी महाविद्यालय, कृषी विज्ञान केंद्र किंवा बीज प्रयोगशाळा यांच्याकडून ती करून घ्यावी, शेतकरी गटाने मिळून चार लॉट नेले तर परवडतं. पण तुम्ही स्वतः तिथे उभं राहून रंग वाचायला शिका.

दाणा लांबीने उभा चिरायचा, टरफल सोलायचं आणि आधी दोनच जागा पाहायच्या: मुळाचं टोक, आणि रोपाचा आस डाळींना जिथे जोडलेला असतो तो सांधा. डाळीच्या टोकाला थोडा पांढरा डाग असला तरी झाड होतं. सांधा मेलेला असेल तर डाळीतलं अन्न रोपाला पोचत नाही, बाकीचा दाणा कितीही छान रंगला तरी तो उगवणार नाही.

मग रंगाचा पोत पाहायचा. नवखे इथे फसतात. जितका लाल तितका जिवंत, असं त्यांना वाटतं. निरोगी भाग फिकट गुलाबी, एकसारखा रंगतो आणि बोटाला टणक लागतो. गडद, काळपट लाल भाग म्हणजे तिथल्या पेशींची पडदी खराब झालेली आहे, द्रावण वेगाने आत शिरतंय आणि श्वसन बेताल चाललंय. तो भाग अजून मेलेला नाही, पण मरणाच्या वाटेवर आहे. पांढरा, लिबलिबीत भाग मेलेला.

डागाचा आकारही बोलतो. नाभीच्या समोरच्या बाजूला, दोन्ही डाळींवर सारखेच, सुरकुत्यांसारखे डाग असतील तर शेंगा पिकल्यावर पाऊस लागलेला आहे. काढणीच्या तोंडावर दाणा भिजतो, सुकतो, पुन्हा भिजतो, त्याची ती खूण. सरळ चीर, तुटका आस, एका बाजूलाच आणि धारदार कडेचा डाग असेल तर मळणीचा मार. गोल, खोलगट पांढरा डाग असेल तर शेंगेत सोंड खुपसणाऱ्या ढेकण्याचं काम. आणि कुठलाही ठराविक आकार नसताना मुळाच्या टोकापासून आत गडद लाल पसरत गेलेला दिसला, तर ते साठवणीतलं म्हातारपण.

माझ्या लॉटमधले प्रत्येकी १०० दाणे रंगवले. नव्या लॉटमध्ये ८३ जिवंत निघाले, त्यातले ६६ फिकट गुलाबी, जोमदार. जुन्यात जिवंत ७६, पण जोमदार फक्त २९. बाकीच्या ४७ दाण्यांत मुळाच्या टोकाशी आणि सांध्याजवळ गडद लाल पट्टे होते. जिवंत दाण्यांचा आकडा उगवणीच्या आकड्याशी जवळपास जुळला, पण त्यातला निम्म्याहून जास्त भाग काठावर उभा होता.

एक मर्यादा लक्षात ठेवा. टेट्राझोलियमला बुरशी दिसत नाही. रंगात ८५ जिवंत आणि कागदावर उगवण ६०, असं आलं तर आधी बियाण्यावरची बुरशी आठवा. पावसात काढलेल्या सोयाबीनमध्ये हे नेहमी होतं. बुरशीनाशक चोळून त्याच लॉटची उगवण पुन्हा घ्या. आकडा वर गेला तर दाणा चांगला आहे, त्याला फक्त संरक्षण हवं. तसंच, बियाण्यावर चोळलेल्या औषधाचा मात्रा चुकल्यामुळे मुळांवर झालेला परिणामही या रंगात दिसत नाही.

जोमाच्या चाचण्या जुन्या लॉटबद्दल काय सांगतात

बियाणं म्हातारं होतं तेव्हा उगवण सरळ रेषेत घसरत नाही. बराच काळ ती ८५-८० वर टिकून राहते आणि मग थोड्याच आठवड्यांत कोसळते. पण त्या सपाट काळातही आत पडझड चालूच असते: पेशींची पडदी झिरपू लागते, विकरं मंदावतात, रोपाचा वेग कमी होतो. कागदावर, २५ अंशांवर, हवं तेवढं पाणी मिळताना असा अशक्त दाणाही रडतखडत रोप होतो. शेतात वरून चार सेंटिमीटर माती, पाऊस पडून आलेली पपडी, दुपारचं ऊन आणि मातीतल्या बुरश्या असतात. तिथे तो पोचत नाही. जोमाची चाचणी म्हणजे दाण्याला मुद्दाम थोडा त्रास देऊन तो कितपत टिकतो, ते पाहणं.

सोयाबीनसाठी सर्वात भरवशाची चाचणी म्हणजे कृत्रिम म्हातारपणाची. बंद डब्यात तळाला ४० मिलिलिटर पाणी, त्याच्या वर जाळी, जाळीवर एका थरात सुमारे ४२ ग्रॅम दाणे. पाणी दाण्यांना लागता कामा नये. डबा ४१ अंशांवर बरोबर ७२ तास. मग दाणे काढून लगेच नेहमीसारखी उगवण घ्यायची. डब्यातून निघालेल्या दाण्यांतली ओल २७ ते ३० टक्के असावी. ती त्याहून कमी-जास्त असेल तर ताण बरोबर बसलेला नाही. अर्ध्या-एक अंशाच्या फरकाने निकाल बदलतो, त्यामुळे ही चाचणी घरी उन्हात डबा ठेवून करू नका. ती प्रयोगशाळेचीच.

माझ्या नव्या लॉटची उगवण ८१ वरून ६६ वर आली. जुन्याची ७३ वरून १८ वर. हा फरक पाहिला तेव्हा मी पोत्याला पुन्हा एकदा हात लावून बघितला. दिसायला अजूनही तसंच सुरेख बियाणं होतं.

दुसरी चाचणी झिरपण्याची. दाणा पाणी घेताना सुरुवातीला त्याची पडदी विस्कळीत असते, आणि आतले क्षार, साखरा बाहेर येतात. निरोगी दाणा पडदी पटकन नीट करतो, म्हातारा करू शकत नाही. ५० दाणे तोलून २५० मिलिलिटर शुद्ध पाण्यात २४ तास, २० अंशांवर ठेवतात आणि पाण्याची विद्युतवाहकता मोजतात. जास्त वाहकता म्हणजे जास्त गळती. ही गळती शेतातही होते आणि बाहेर आलेली साखर मातीतल्या बुरश्यांना दाण्याकडे बोलावते. घरी पिण्याच्या पाण्याचा टीडीएस मोजायचं छोटं यंत्र असेल, तर त्यावर दोन लॉटची तुलना करता येते. बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड वॉटर वापरा, दाण्यांचं वजन दोन्हीकडे सारखं ठेवा आणि दोन्ही भांडी शेजारी शेजारी ठेवा. आकड्याला एकट्याने अर्थ नाही, दोन लॉटमधला फरक पाहायचा. माझ्या जुन्या लॉटचा आकडा नव्याच्या दीडपटीहून जास्त आला. फुटक्या टरफलाचे दाणेही असेच गळतात, म्हणून ही चाचणी एकटी धरून निर्णय घेऊ नये.

घरी करण्यासारख्या दोन गोष्टी मात्र फार उपयोगी आहेत. पहिली म्हणजे पाचव्या दिवसाची मोजणी, जी तुम्ही लिहून ठेवलेलीच आहे. माझ्या नव्या लॉटमध्ये पाचव्या दिवशीच ७० रोपं पूर्ण झाली होती, शेवटी ८१. जुन्यात पाचव्या दिवशी ३९, शेवटी ७३. जुना लॉट उगवला खरा, पण उशिरा आणि मागेपुढे.

दुसरी म्हणजे मातीचा ट्रे. ज्या रानात पेरायचं तिथलीच माती घ्या, चाळून ट्रेमध्ये किंवा तेलाच्या कापलेल्या डब्यात भरा. १०० दाणे मोजून चार सेंटिमीटर खोल लावा, वरची माती हाताने हलकी दाबा, एकदाच नीट पाणी द्या आणि पपडी धरू द्या. मोडू नका. सावलीत ठेवा आणि दहाव्या दिवशी वर आलेली रोपं मोजा. कागदाचा आकडा आणि मातीचा आकडा यांत पाच-दहाचा फरक असेल तर लॉट जोमदार. नव्या लॉटची ७४ रोपं वर आली. जुन्याची ३८.

आता मघाचा हिशेब घाला. नव्या लॉटमध्ये अडीच लाख दाण्यांतून ७४ टक्के म्हणजे १ लाख ८५ हजार झाडं. एकरी ३० किलो पुरे. जुन्या लॉटमध्ये तेवढ्याच बियाण्यात ९५ हजार. १ लाख ७८ हजार झाडं हवी असतील तर एकरी ५६ किलो पेरावं लागेल. आणि एवढं पेरूनही ती झाडं एकसारखी येणार नाहीत. आधी आलेली उशिरा आलेल्यांना झाकून टाकतील आणि मधल्या रिकाम्या जागेत तण माजेल. दुबार पेरणीची वेळ आली तर बियाण्याबरोबर खत, मजुरी आणि पावसाचे पहिले दिवसही गेले.

कधी आणि किती वेळा

एकदा एप्रिलच्या शेवटी तपासा, म्हणजे बियाणं कमी पडलं तर दुसरीकडून घ्यायला वेळ राहतो. दुसऱ्यांदा पेरणीच्या दोन आठवडे आधी, कारण मधला मे महिना सोयाबीनला सगळ्यात जास्त खातो. साठवणीचा जुना ठोकताळा आहे: दाण्यातली ओल एक टक्क्याने उतरवली की आयुष्य दुप्पट, आणि साठवणीचं तापमान पाच अंशांनी उतरवलं की पुन्हा दुप्पट. त्याचाच उलटा अर्थ असा की पत्र्याखाली, दमट भिंतीला टेकून ठेवलेलं पोतं महिन्याभरात काही महिन्यांचं आयुष्य गमावतं. विकतच्या पिशवीवरची तपासणीची तारीखही याच नजरेने वाचा. त्या दिवशीची उगवण आणि तुमच्या घरातल्या दोन महिन्यांनंतरची उगवण एक असेलच असं नाही. पिशवी फोडायची असेल तर टॅग, पावती आणि थोडं बियाणं जपून ठेवा, तक्रारीची वेळ आली तर तेच कामी येतं.

चाचणी नेहमी औषध न चोळलेल्या बियाण्यावर करा. बीजप्रक्रिया झाल्यावर मूठभर दाण्यांची एक छोटी उगवण मात्र घ्या. मात्रा चुकली असेल तर ती तिथे मुळं आखूड पडून दिसते.

माझा जुना लॉट औषध न लावलेला होता, म्हणून तो तेलघाण्याला विकता आला. नव्या लॉटची जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा उगवण घेतली. ७८ आली, पाचव्या दिवशी ६६. मग १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर, वापसा पाहून, एकरी ३० किलोने तो लॉट पेरला.